बारकूबाबांचे शंभर शब्द

बारकू लहानू गांगड यांना मी पहिला फोन केला तो त्यांचं वय विचारायला.

"वय?" ते म्हणाले. "आधारवर एकसष्ट हाय. आई म्हनायची, तू मोठ्या पुराच्या साली झाला. आता तो पूर कोनत्या साली आला, ते तिला म्हाईत नव्हतं."

"मग मी एकसष्ट लिहिते."

"लिवा. पूर काय बोंब मारायला येत नाय."

घोटीच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. भाताची दोन खाचरं, एक म्हैस, आणि भात निघालं की द्राक्षाच्या बागांत छाटणीचं काम. हा माणूस आमच्या 'चिखलणी' नावाच्या सिनेमाचा नायक होता. सिनेमा धनराजचा. धनराज नाशिकचाच, पहिलाच सिनेमा, आणि तो एका परदेशी महोत्सवात निवडला गेला होता. माझ्याकडे काम आलं होतं प्रेस किटचं. म्हणजे सिनेमा पाहायच्या आधी पत्रकारांच्या हातात जो कागदांचा संच पडतो, तो लिहायचा. एका ओळीत गोष्ट, मग अर्ध्या पानात गोष्ट, दिग्दर्शकाचं मनोगत, सिनेमा कसा घडला त्याच्या नोंदी, मुख्य माणसांचे परिचय, लांबी किती मिनिटं, आवाज कोणत्या पद्धतीचा, फोटो कोणी काढले. आधी मराठी, मग त्याचंच इंग्रजी. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं होतं. प्रत्येक परिचय शंभर शब्दांत, एकही जास्त नाही.

या कामाचा एक नियम आहे. ज्याचा परिचय, त्याला तो पाठवण्याआधी वाचून दाखवायचा. नाव चुकतं, गाव चुकतं, मेलेली माणसं जिवंत होतात. पत्रकाराला वेळ नसतो, तो आपलं वाक्य उचलून तसंच छापतो. आपण एकदा चुकलो की ते दहा ठिकाणी खरं होऊन बसतं.

म्हणून बुधवारी दुपारी मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं, "'बारकू गांगड हे घोटी परिसरातील भात उत्पादक शेतकरी. अभिनयाशी त्यांचा आयुष्यात कधीही संबंध आलेला नाही. खाचरात चिखल तुडवताना ते दिग्दर्शकांना दिसले आणि...'"

पलीकडे नुसती म्हैस ऐकू आली.

"बाबा? आहात ना?"

"ताई, ते मधलं परत वाचा."

"'अभिनयाशी त्यांचा आयुष्यात कधीही...'"

"हां. कोनी लिवलं हे?"

"धनराजनं सांगितलं, मी लिहिलं."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवता ठेवता मागून भागीबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काय झालं वो? तोंड का असं केलं?"

मी वहीत 'बारकूबाबा: मंजूर' असं लिहून फोटोंच्या मथळ्यांकडे वळले.

*

गुरुवारी सकाळी साडेनऊला माझी ती 'मंजूर' नोंद स्वतःच्या पायांनी जिना चढून आली. धनराजचं ऑफिस सातपूरला, खाली लेथ मशिनचं वर्कशॉप, वर एडिटिंगची खोली. खाली मशिन सुरू झालं की वर बोलणं बंद, असा तिथला रिवाज. दारात बारकूबाबा उभे, पांढरा शर्ट, इस्त्रीची टोपी. मागे भागीबाई, त्यांच्या हातात भाताच्या बियाण्याची प्लास्टिकची पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"अरे बाबा! या या," धनराज उठला. "तांदूळ आणायची काय गरज होती?"

"तांदूळ नाय," भागीबाई म्हणाल्या. "पुरावा हाय."

खाली मशिन सुरू झालं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. दोन मिनिटांनी ते थांबलं तेव्हा बाबांनी टोपी नीट केली.

"धनराजभाऊ, तुमी सोमवारी मोबाईलवर माझा फोटो टाकला. खाली लिवलं, यानं जन्मात कधी नाटक-बिटक केलं नाय."

"हो! साडेचारशे लाइक्स आलेत."

"त्यातला एक सावळीरामचा हाय."

सावळीराम म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ. आणि मग बाबांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या गावात दरवर्षी बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं संबळ-सनईवर नाचतात, सात दिवस. प्रत्येक सोंग एकेका घराण्याकडे. गांगडांकडे नरसिंह. बाबांच्या आजानं नाचवला, बापानं नाचवला, आणि गेली चौतीस वर्षं बाबा नाचवतात. सावळीरामलाही तो हवा आहे, कारण आजा तर दोघांचा एकच. आजवर त्याच्याकडे मुद्दा नव्हता. सोमवारी तो धनराजनं दिला.

"त्यानं घोटीला जाऊन त्या फोटोची प्रिंट काढली," बाबा म्हणाले. "रंगीत. गावात दाखवत फिरतो. म्हनतो, बघा, बारक्या स्वतःच म्हनतो आपन कधी नाचलो नाय. मग चौतीस वर्षं कोन नाचलं?"

"पण गावानं पाहिलंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"तोंडावर मुखवटा असतो, ताई. सावळ्या म्हनतो, आत कोन होतं ते कोनी पायलं?"

भागीबाईंनी कपाळावर हात मारला. "मी पायलं. चौतीस वर्षं घामानं भिजलेली बंडी मी धुतली. पन बायकांचं बैठकीत ऐकतंय कोन?"

"आणि ही बैठक..."

"रविवारी. देवळात. या सालच्या बोहाड्याची पत्रिका ठरायचीय. गावाला खरं म्हाईत हाय, ताई. पन छापलेलं पुढं ठेवलं की गाव गप होतं. छापलेल्याला छापलेलंच लागतं." बाबांनी धनराजकडे बघितलं. "तुमचं ते जे परदेशात जायचंय ना, त्यात खरं लिवा. आन मला त्याची एक प्रत द्या. रविवारच्या आत."

बियाण्याच्या पिशवीची सुतळी सुटली. आतून निघाल्या बोहाड्याच्या पत्रिका. गुलाबी, पिवळ्या, पोपटी. कडेला वाळवी लागलेल्या, हळदीचे डाग पडलेल्या, पण सालवार लावलेल्या. प्रत्येकीत वर देवीचं नाव, खाली सोंगांची यादी, सोंगापुढे माणसाचं नाव, मग संबळवाला, सनईवाला, मशालवाला, तेल कोणाचं, मांडव कोणाचा.

"या छापून कोन आनतं, विचारा," भागीबाई म्हणाल्या.

"कोण?"

"हेच. घोटीच्या छापखान्यात दिवसभर बसून ऱ्हातात. एक नाव खाली-वर झालं तर ते सोंग रुसून घरी बसतं. एका साली भीमाचं नाव वेताळाच्या खाली गेलं. भीम आलाच नाय! आन सावळ्या म्हनतो, बारक्याच छापून आनतो, मग नाव त्याचंच असनार."

मी त्या पत्रिका एकेक करून चाळत गेले. माझ्या आधी चौतीस वर्षं हा माणूस माझंच काम करत होता, आणि तेवढ्यात त्याची एकच ओळ खाली-वर झाली होती.

*

धनराज मात्र खुर्चीत खचला होता. त्याचं मनोगत सगळं त्या एका खांबावर उभं होतं. 'अभिनयाचा स्पर्शही न झालेला चेहरा' हे त्याचं पहिलं वाक्य. शिवाय महोत्सवाच्या प्रसिद्धीवाल्या बाईंची मेल आली होती: तुमचा नायक अगदीच नवखा आहे ना? पत्रकारांना आवडतं. आणि नव्या चेहऱ्याचा एक पुरस्कारही आहे.

"बाबा," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तिकडच्या लोकांना साधा, अस्सल माणूस हवा असतो. मातीतला."

"मी काय प्लास्टिकचा हाय?"

"तसं नाही! तुमचं वेगळेपणच हे की तुम्ही अभिनय करत नाही. तुम्ही असता. अगं, वाच ना त्यांना ते, नोंदींमधलं. घसरून पडण्याचं. बाबांना कळेल आपण किती प्रेमानं लिहिलंय."

ती निर्मितीच्या नोंदींमधली आमची सर्वांत लाडकी जागा होती. मी वाचलं, "'चित्रीकरणाच्या नवव्या दिवशी, ट्रॅक्टरची वाट पाहण्याच्या दृश्यात, बारकू यांचा पाय अनपेक्षितपणे बांधावरून घसरला आणि ते चिखलात कोसळले. क्षणभर थांबून ते हसले. हे संहितेत नव्हतं. दिग्दर्शकांनी कॅमेरा थांबवला नाही. आयुष्यानंच दिलेला तो अपघात आज चित्रपटाचा आत्मा आहे.'"

बाबा ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, भरून आलं. ते हसत होते.

"धनराजभाऊ, ते तुमी किती वेळा घेतलं?"

"काय?"

"ते पडनं."

"तीनदा. पहिल्या वेळी आवाजात विमान आलं, दुसऱ्यांदा..." धनराज बोलता बोलता थांबला.

"तीनदा," बाबा म्हणाले. "आन मी तीनदा पडलो. खरा घसरलेला मानूस तीनदा सारखा घसरतो व्हय?"

खाली मशिन सुरू झालं. या वेळी ते बरंच चाललं. धनराजनं त्या गोंगाटात कॉम्प्युटर सुरू केला, कच्ची दृश्यं शोधली, तिन्ही टेक एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावले. तीन बारकू गांगड बांधावर आले. तिघांनी ट्रॅक्टरच्या वाटेकडे पाहिलं. तिघांचा डावा पाय एकाच ढेकळावरून सुटला, तिघांचा उजवा कोपर एकाच ठिकाणी चिखलात रुतला, तिघं मनातल्या मनात तीनपर्यंत मोजल्यासारखे थांबले आणि एकदम हसले. एखाद्या बँडपथकाची परेड बघावी तसं ते दिसत होतं.

मशिन थांबलं.

"पहिल्याच वेळी ठरवून पडलात?" धनराजचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय. तो मानूस नुसताच उभा होता. अर्धा तास ट्रॅक्टरची वाट बघनारा मानूस बघनाऱ्याला कंटाळा आनतो. काय तरी पायजे." बाबांनी जागेवरच पाय हलवून दाखवला. "हे नरसिंहाचं पाऊल हाय. खांबातनं भाईर येतो तेव्हा असा तोल जातो, मग सावरतो. मुखवट्यातनं पुढचं दिसत नाय, पायानंच बघायचं. मी फक्त सावरायचं सोडून दिलं."

"पण मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? पयल्या दिवशी तुमी म्हनला, बाबा, काही करू नका, नुसते असा. मी म्हनलं बरं, काय न करन्याचं सोंग हाय. अवघड हाय, पन घेऊ."

भागीबाईंनी पदर तोंडाला लावला. "घरी सराव करायचे. म्हशीपुढं उभं ऱ्हाऊन काहीच न करायचा. म्हैस घाबरली."

धनराज "चहा सांगून येतो" म्हणून खाली गेला आणि वीस मिनिटं आला नाही. खिडकीतून मला दिसत होता, टपरीजवळ, हातात कप न घेता नुसता उभा. अर्ध्या तासाचा तो माणूस, ट्रॅक्टरची वाट बघणारा, अगदी तसा.

मी तेवढ्यात महोत्सवाची नियमावली उघडली. नव्या चेहऱ्याच्या पुरस्काराची अट मी वाचलीच नव्हती, धनराजनंही नव्हती. आम्ही दोघांनी बाईंच्या मेलवरच सगळं ठरवून टाकलं होतं. अट होती, 'पूर्ण लांबीच्या चित्रपटातील पहिली प्रमुख भूमिका.' नाचाबद्दल, सोंगाबद्दल, रंगमंचाबद्दल एक अक्षर नाही.

धनराज वर आला तेव्हा मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. त्यानं वाचलं. परत वाचलं.

"म्हणजे खरं लिहिलं तरी चालतंय?"

"पुरस्काराला चालतंय. तुझ्या मनोगताला नाही."

"तीन दिवस घालवलेत मी त्या मनोगतावर."

"मी चौतीस वर्षं," बाबा म्हणाले.

धनराजनं त्यांच्याकडे बघितलं. मग पडद्यावरच्या तीन बारकूंकडे. "दोन महिने मी यांना कॅमेऱ्याकडे बघू नका असं सांगत होतो," तो मला म्हणाला, "आणि यांना माझा कॅमेरा कुठपर्यंत बघतो ते माझ्याआधी कळत होतं." मग त्यानं मनोगताची फाइल उघडली, सगळं निवडलं आणि पुसलं. पुसताना डोळे मिटले होते.

*

नवा परिचय लिहायला आम्ही दुपारी दोनला बसलो. मला वाटलं होतं, वीस मिनिटांचं काम.

"लिवा," बाबा म्हणाले. "श्री कुलस्वामिनी प्रसन्न."

"बाबा, शंभर शब्दच आहेत. त्यातले तीन गेले."

"देवीला मोजताय?"

"महोत्सव मोजतो."

ते विचारात पडले. छापखान्यातल्या माणसाला जागेची किंमत कळते. "बरं. देवी मनात. पुढं लिवा. आजा सोमा राघो गांगड, बाप लहानू सोमा गांगड, चुलते..."

"चुलते नकोत!" भागीबाई ओरडल्या. "चुलते लिवले की सावळ्या आत आला!"

"बरोबर. चुलते खोडा."

मी खोडले. मग संबळवाल्या निवृत्तीचं नाव पाहिजे म्हणाले, कारण तो वाजवतो म्हणून नरसिंह नाचतो. मी म्हटलं, त्यांचा या सिनेमाशी काय संबंध? बाबा म्हणाले, "मी पडलो तेव्हा मनात त्याचाच ठेका होता. तीन मात्रा थांबून हसलो ना? त्या त्याच्या हायेत." मी नाव लिहून घेतलं. निवृत्ती आत आला.

मी मोजलं. एकशे अडतीस.

"काय काढायचं?"

बाबांनी माझ्या हातातले कागद घेतले आणि सातवी शिकलेल्या माणसाच्या सावकाशीनं, बोट ठेवून, वाचायला लागले. आपला नव्हे, धनराजचा परिचय. "'लहानपणापासूनच दृश्यभाषेची ओढ...' हे काय हाय? 'जागतिक चित्रपटाचे संस्कार...' धनराजभाऊ, यात तुमी कोन गावचे ते नाय, बापाचं नाव नाय, काय काम केलं ते नाय. नुसतं तेल हाय, मशालच नाय." ते माझ्याकडे वळले. "यांचे चाळीस मला देता येतात का?"

"नाही देता येत, बाबा. प्रत्येकाचे शंभर वेगळे."

"मग यांचे फुकट चाललेत."

धनराजनं स्वतःचा परिचयही उघडला. 'दृश्यभाषेची ओढ' गेली. तिथे आलं: वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर, त्यांच्या पाळीच्या वेळा सांभाळत दोन लघुपट केले. बाबांनी ते वाचून मान डोलावली. "आता मानूस दिसला."

स्वतःचं मात्र त्यांनी निर्दयपणे, लागत होतं त्याहून जास्तच कापलं. म्हैस गेली. द्राक्षबागा ठेवल्या, कारण 'तिथल्या मुकादमाला दावायचंय'. टोपी, खाचरं, पूर, सगळं गेलं. चार वाजता जे उरलं ते असं:

'बारकू लहानू गांगड (वय ६१) हे घोटीजवळ भात पिकवतात आणि हंगामात द्राक्षबागांत छाटणी करतात. त्यांच्या गावच्या बोहाड्यात, मुखवट्यांच्या पारंपरिक उत्सवात, ते चौतीस वर्षे नरसिंहाचे सोंग नाचवत आहेत. त्यांच्याआधी हे सोंग त्यांचे वडील लहानू आणि आजोबा सोमा यांच्याकडे होते. निवृत्ती यांच्या संबळावर ते नाचतात. उत्सवाची पत्रिकाही तेच तयार करतात. 'चिखलणी' ही त्यांची चित्रपटातील पहिली भूमिका. त्यातील पडण्याचे दृश्य त्यांनी स्वतः रचले असून नरसिंहाच्या पदन्यासातून घेतले आहे. पत्नी भागीबाई सरावाच्या साक्षीदार आहेत.'

"शेवटचं वाक्य कशाला?" धनराजनं विचारलं.

"जागा उरली होती," मी म्हटलं. खरं म्हणजे भागीबाई माझ्याकडे बघत होत्या.

नोंदींमधला 'आयुष्यानंच दिलेला अपघात' मी काढला. तिथे तीन टेकची हकीकत लिहिली, मुखवट्यातून न दिसणाऱ्या वाटेसकट, आणि म्हशीपुढच्या सरावासकट. ती आधीच्यापेक्षा चांगली झाली, हे मला कबूल करायला थोडा वेळ लागला. धनराजनं सोमवारची पोस्ट काढून नवी टाकली, चुकीची दुरुस्ती म्हणून. शुक्रवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी किट गेलं. मराठी प्रत रंगीत छापून, बांधून, ती न्यायला आलेल्या बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून शिलाई तपासली.

"कागद बरा हाय," म्हणाले. "सावळ्याचा पातळ होता."

*

रविवारी दुपारी फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती, कोणीतरी संबळ तापवत होतं.

"ताई, मान ऱ्हायला."

"वा! काय झालं बैठकीत?"

"सावळ्यानं त्याचं वाचलं. मी तुमचं वाचलं. मग निवृत्ती उठला, म्हनला, माझं नाव परदेशात गेलंय, आता मी दुसऱ्याच्या पायाला वाजवनार नाय. संपलं."

"आणि सावळीरामकाका?"

"तो लय तापला. रडायलाच आला, खरं सांगतो. मला बी वाईट वाटलं, चुलतभाऊ हाय. मग पंचांनी तोड काढली. हिरण्यकश्यपूचं सोंग सात वर्षं बंद हाय, त्या घरची पोरं मुंबईला गेली. त्यांना फोन लावला, ते म्हनले आमची काय ना नाय. ते सावळ्याला दिलं."

"म्हणजे दरवर्षी तुम्ही त्यांना..."

"मांडीवर घेऊन फाडायचं. गावापुढं. वाजवून."

"आणि ते तयार झाले?"

"झाला. पन एक अट घातली." पलीकडे कोणीतरी काहीतरी खेकसलं, बाबांनी फोनवर हात ठेवून "सांगतो ना, थांब!" म्हटलं आणि परत बोलले. "तो म्हनतो, नरसिंहाला शंभर शब्द असतील तर हिरण्यकश्यपूला बी शंभर पायजेत. तुमीच लिवायचे. तो इथंच हाय, देऊ का फोन?"

मी वही उघडली आणि म्हटलं, "द्या. आधी वय विचारते."